कथेचे पहिले वाक्य: आधी सुमनताईंचा इतिहास की फरशीवरचे ठसे?

प्रश्न: माझ्या कथेचे पहिले वाक्य असे आहे: “१९९८ साली पतीचे अपघाती निधन झाल्यानंतर शिलाईकाम करून मोठ्या कष्टाने दोन मुलांना वाढवणाऱ्या सुमनताई, दोन्ही मुले नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झाल्यामुळे, गावातल्या जुन्या घरात एकट्याच राहत होत्या.” कथा एका दुपारची आहे. थोरला मुलगा प्रसाद घर विकायचे म्हणून गिऱ्हाईक घेऊन येतो, घराची मापे घेतली जातात, सुमनताईंची सही हवी असते आणि शेवटी त्या सही करत नाहीत. मध्ये त्यांचे शिलाई मशीन आणि गावातल्या बायकांच्या मापांची वही येते. कथा वाचलेले दोघे म्हणाले, सुरुवात निबंधासारखी वाटते, एखाद्या दृश्याने कर. पण दृश्याने सुरुवात केली तर या बाई कोण हे वाचकाला कळणार कसे?

उत्तर: या वाक्यात माहिती फार झाली आहे असे तुमच्या वाचकांना वाटले असावे. मला त्यात एक माहिती कमी वाटते. घर सुमनताईंच्या नावावर आहे आणि त्यांच्या सहीशिवाय ते विकता येत नाही, या एका गोष्टीवर तुमची सगळी कथा उभी आहे, आणि नेमकी तीच पहिल्या वाक्यात नाही. निधनाचे साल, अपघात, शिलाईकाम, कष्ट, दोन मुले, नोकरी, पुणे, जुने घर आणि एकटेपणा एवढे सगळे एका वाक्यात आले, पण ज्याच्यामुळे दुपारी काहीतरी घडणार आहे ते बाहेरच राहिले. खरी अडचण ही आहे. ते वाक्य सुमनताईंची ओळख करून देण्यासाठी लिहिलेले आहे आणि कथा मात्र घरात आलेल्या एका परक्या माणसाची, त्याला घेऊन आलेल्या मुलाची आणि एका सहीची आहे.

मी कथांचे संपादन करतो आणि दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांमधून निवडही करतो. त्यात अशी सुरुवात इतक्या वेळा भेटते की तिच्यामागचे कारणही आता ओळखीचे झाले आहे. लेखक लिहायला बसतो तेव्हा पात्र त्याला स्वतःलाच अजून पुरते कळलेले नसते, म्हणून तो आधी स्वतःला सांगून घेतो: या बाई कोण, नवरा कधी गेला, मुले कुठे असतात. ते वाक्य लिहिणे आवश्यकच होते. त्याशिवाय पुढची कथा सुचली नसती. मात्र ते लेखकाच्या कामाचे वाक्य आहे. वाचकासाठी ते तसेच ठेवले, तर त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याला आधी वाचावी लागतात.

आता वाक्याच्या घडणीकडे पाहा, कारण मराठीची एक सोय इथे आपल्याला अडचणीत आणते. “निधन झाल्यानंतर”, “शिलाईकाम करून”, “वाढवणाऱ्या”, “स्थायिक झाल्यामुळे” अशी चार रूपे एकामागून एक लावून तुम्ही वीस-बावीस वर्षे एका वाक्यात बसवली आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे त्याच्या आधी असा कितीही इतिहास रचता येतो आणि व्याकरण कुठेही अडत नाही. वाचक मात्र क्रियापदाची वाट पाहत पुढे सरकत असतो, आणि एवढे चालून गेल्यावर त्याला मिळते “राहत होत्या”. म्हणजे काही घडले नाही, होते तसेच चालू होते. स्वतःच्या कथेची पहिली दोन-तीन वाक्ये घेऊन त्यांतल्या “-ल्यानंतर”, “-मुळे”, “-ऊन” या रूपांखाली आणि शेवटच्या क्रियापदाखाली रेघ मारून पाहा. आधी तीन-चार रेघा आणि शेवटी “होते”, “होत्या”, “असत” असे काही आले, तर ते वाक्य पार्श्वभूमीचे आहे असे खुशाल समजावे.

पार्श्वभूमीने सुरुवात करणे हाच दोष, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या व्रताच्या कहाण्या “आटपाट नगर होतं” अशाच सुरू होतात आणि कोणाला कंटाळा येत नाही, कारण तिथे सांगणाऱ्याचा सूरच ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. कथा प्रथमपुरुषी असेल आणि निवेदकाच्या बोलण्याला स्वतःचा खोडकर, तिखट किंवा लबाड असा ढंग असेल, तर त्याने आपली कुळकथा सांगत सुरुवात केली तरी चालते. तिथे सांगण्याची तऱ्हा हीच घटना असते. काळ किंवा जग वाचकाला अगदी अपरिचित असेल तर एखादे वाक्य आधी द्यावेच लागते. तुमची कथा तृतीयपुरुषी आहे, साध्या निवेदनाची आहे, एका दुपारची आहे आणि तिच्यातले जग मराठी वाचकाला चांगले माहीत आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत दृश्याने सुरुवात करण्याचा सल्ला योग्य आहे. प्रश्न कोणत्या दृश्याने, एवढाच उरतो.

इथे बहुतेक जण पहिल्यांदा जे लिहितात ते साधारण असे असते: “दुपारच्या उन्हाची तिरीप कोपऱ्यातल्या जुन्या शिलाई मशीनवर पडली होती आणि त्यावरची सोनेरी नक्षी चमकत होती.” यात वस्तू आहे, प्रकाश आहे, डोळ्यांना काहीतरी दिसतेही. तरीही मी हे वाक्य घेणार नाही. हीच तिरीप आणि हेच मशीन उचलून एखाद्या प्रेमकथेत, आजीच्या आठवणीत किंवा दुष्काळाच्या कथेत ठेवले तरी काही बिघडत नाही. शिवाय मशीनला कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे चित्र आहे पण त्या चित्रात कोणाचे काही अडलेले नाही. पहाट, पाऊस, संध्याकाळची किरणे यांनी होणाऱ्या सुरुवातींचे बहुधा हेच होते. पार्श्वभूमी जाते आणि तिच्या जागी हवामान येते.

तेव्हा दृश्य शोधायचे ते नव्याने सुचवून घेण्यापेक्षा कथेतच धुंडाळावे. तुमच्या कथेत जवळून दाखवता येतील अशा वस्तू तीन आहेत: मशीन, मापांची वही आणि घर मोजायचा टेप. मी स्वतःला विचारतो की यांतल्या कोणत्या वस्तूवर दोन माणसांचे हात दोन वेगळ्या हेतूंनी पडतात? मापांची वही सुंदर आहे, पण ती एकट्या सुमनताईंची आहे. ती उघडली की भूतकाळच उघडणार, आणि आपण पुन्हा पार्श्वभूमीत जाऊ. ती कथेच्या मध्यावरच शोभेल. टेप फक्त पाहुण्याच्या हातात आहे. मशीन मात्र वेगळे आहे. सुमनताईंसाठी ते रोजच्या कामाचे आहे, प्रसादसाठी आणि पाहुण्यासाठी ते भिंत मोजण्याच्या आड येणारी वस्तू आहे. मोजायचे तर ते सरकवावे लागेल. कथेतला सगळा तंटा त्या सरकवण्यात आलेला आहे, त्यामुळे सुरुवात तिथे होते.

मशीन सरकवले की काय दिसेल? इथे कल्पनेपेक्षा निरीक्षण कामाला येते. पायाने चालवायच्या मशीनचा सांगाडा बिडाचा, चांगला जड असतो आणि तो वर्षानुवर्षे एका जागी राहतो. फरशी रोज पुसली जाते, फडक्याचे पाणी पायांच्या बुडाशी साचते आणि तिथे गंज उतरतो. शहाबादी फरशीवर असे तांबूस डाग एकदा बसले की घासूनही सहसा पूर्ण जात नाहीत. म्हणजे किती वर्षे हे मशीन इथून हलले नाही, हे सांगायला साल लागत नाही, डाग पुरतात. तुमच्या कथेतल्या घरात जमीन कोणती आहे हे प्रश्नात आलेले नाही. ती शेणाने सारवलेली असेल तर गंजाचे डाग खोटे ठरतील. तिथे पायांचे खळगे आणि हात न पोचल्याने सारवायच्या राहिलेल्या जागा दिसतील. गावातला वाचक अशी चूक पहिल्याच ओळीत पकडतो, आणि मग पुढे त्याचा विश्वास बसत नाही.

फरशी शहाबादी आहे असे धरून मी तुमच्या वाक्यावर काम करून दाखवतो. पहिला प्रयत्न असा होईल:

“पती वारल्यापासून ज्या मशीनवर सुमनताईंनी दोन मुले वाढवली, ते मशीन प्रसादने ओढले तेव्हा फरशीवर चार तांबूस डाग दिसले.”

घटना आली, पण जुने वाक्य “ज्या… ते…” या जोडणीतून पुन्हा आत शिरले. मराठीत पार्श्वभूमी लपवायची ही सर्वांत सोपी जागा आहे. शिवाय “ज्या मशीनवर मुले वाढवली” हे सांगून टाकल्यामुळे डागांना करायला काही कामच उरत नाही. वाचकाने हळहळायचे हे आधीच ठरवून दिलेले आहे.

याच्या उलट टोकाला गेले की असे वाक्य होते:

“त्याने ते ओढले आणि खाली चार डाग होते.”

आता कोणाचे काय ओढले हेच कळत नाही. नवे लेखक याला उत्कंठा समजतात, पण उत्कंठा पुढे काय होणार याची असते. समोर काय चालले आहे ते झाकून ठेवले तर वाचक फक्त चाचपडतो. नाव, नाते आणि वस्तू यांना पार्श्वभूमी समजून काटकसर करू नये. “प्रसाद”, “मशीन”, “फरशी” हे शब्द जागा फारशी घेत नाहीत आणि चित्र ताबडतोब उभे करतात.

तिसरा प्रयत्न:

“प्रसादने मशीन भिंतीपासून ओढले तेव्हा शहाबादी फरशीवर त्याच्या पायांचे चार तांबूस ठसे उघडे पडले होते, आणि पाहुण्याने खोलीच्या मधोमध टेपचे टोक टेकवले.”

हे वाक्य जवळ आले आहे, तरी त्यातल्या दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. “उघडे पडले होते” मधले “होते” घटनेला एक पाऊल मागे ढकलते. वाचकाला वाटते की मुख्य गोष्ट अजून यायची आहे आणि हे फक्त तिच्या आधीचे. “उघडे पडले” म्हटले की ते आत्ता, डोळ्यांदेखत घडते. दुसरे म्हणजे खोली कोणी मधोमधपासून मोजत नाही. टेपचे टोक भिंतीच्या बुडाशी दाबून धरतात आणि फीत समोरच्या भिंतीकडे ओढतात. मशीन भिंतीला लागून होते, त्यामुळे त्याच्या मागच्या पायांचे ठसे भिंतीलगतच असणार. म्हणजे टेपचे टोक जिथे धरायचे तिथेच ठसा आहे. खरी कृती नीट पाहिली की अशी जुळणी आपोआप हाती लागते, ती ओढूनताणून करावी लागत नाही. आता वाक्य असे झाले:

“प्रसादने मशीन भिंतीपासून ओढले तेव्हा शहाबादी फरशीवर त्याच्या पायांचे चार तांबूस ठसे उघडे पडले, आणि पाहुण्याने भिंतीलगतच्या एका ठशावर टेपचे टोक दाबून धरले.”

“पाहुणा” म्हणण्याचे कारण सांगतो. तुम्ही “गिऱ्हाईक” लिहिले आहे. तो शब्द प्रसादच्या तोंडी ठीक आहे, पण गावच्या घरात आलेल्या परक्या माणसाला सुमनताई मनातसुद्धा पाहुणाच म्हणतील, निदान चहा होईपर्यंत. पहिल्याच वाक्यात पाहुणा घर मोजतो आहे, यातला विसंवाद वाचकाच्या लक्षात येतो आणि कथा कोणाच्या नजरेने चालली आहे तेही कळते. ठशांचेही तसेच आहे. पाहुण्याला ते दिसत नाहीत, दिसले तरी त्याला त्यांचे काही नाही. प्रसादचे लक्ष टेपच्या दुसऱ्या टोकाकडे आहे. ठसे पाहणारी व्यक्ती एकच असू शकते, आणि तिचे नाव अजून आलेलेही नाही. “सुमनताईंच्या लक्षात आले की” असे काही लिहायची गरज यामुळे पडत नाही. ते लिहू नका, वाचक आणि फरशी यांच्यामध्ये उगाच एक पडदा येतो.

वाक्याचा शेवट “दाबून धरले” वर व्हावा, हेही मी मुद्दाम ठेवले आहे. मराठी वाक्याचा भार शेवटच्या क्रियापदावर पडतो, आणि “टेकवले” पेक्षा “दाबून धरले” मध्ये थोडी जबरदस्ती आहे. तिथे “निर्दयपणे” किंवा “बेफिकिरीने” घालण्याचा मोह झाला तर आवरावा. पाहुणा वाईट माणूस नाही. तो फक्त खोली मोजतो आहे, आणि त्यामुळेच ते बोचते.

पहिले वाक्य एवढे जमले तरी काम अर्धेच झालेले असते, कारण सर्वांत जास्त सुरुवाती बिघडतात त्या दुसऱ्या वाक्यात. लेखकाने मनावर दगड ठेवून इतिहास बाहेर काढलेला असतो, आणि दृश्य संपते न संपते तोच तो लिहितो: “ते ठसे पाहून सुमनताईंना बावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला.” मग दीड पान आठवणी, आणि खोलीतली दोन माणसे टेप धरून तशीच उभी. हे ओळखायची खूण अशी की “आठवले”, “डोळ्यांसमोर तरळले”, “मन भूतकाळात गेले” यांपैकी काही पहिल्या पानावर आले का ते बघावे. आले असेल तर तुम्ही सुरुवात बदललेली नाही, जुन्या सुरुवातीला फक्त दार बसवले आहे. निदान पहिला परिच्छेदभर तरी खोलीतून बाहेर पडायचे नाही, असा नियम मी स्वतः हाती घेतलेल्या हस्तलिखितांना लावतो.

मग या बाई कोण, हे कसे कळणार? तुमच्या कथेत त्याची उत्तम सोय आधीच आहे, ती म्हणजे परका माणूस. ज्याला खरोखर माहीत नाही तो विचारू शकतो. आईने मुलाला “प्रसाद, तुला तर माहीतच आहे, तुझे बाबा गेल्यावर मी हे मशीन घेतले” असे सांगणे हास्यास्पद होते, कारण दोघांनाही ते ठाऊक आहे आणि ते फक्त वाचकाला ऐकवले जाते आहे. पाहुण्याने विचारले तर त्यात काही खोटे नाही. पुढचा मजकूर मी असा नेईन:

“साडेअकरा फूट,” पाहुणा म्हणाला. प्रसादने आकडा मोबाइलमध्ये टिपला. सुमनताई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात त्यांचा कापडी टेप तसाच लोंबत होता.

“बरंच जुनं दिसतंय मशीन.”

“ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी घेतलंय.”

“अजून चालतं?”

“उद्या दोन ब्लाउज द्यायचेत.”

पाहुण्याने टेप सोडला, तो सर्रकन गुंडाळला गेला. “उतारा कोणाच्या नावावर आहे?” त्याने प्रसादला विचारले.

“आईच्या,” प्रसाद म्हणाला.

आता जुन्या वाक्यातली माहिती कुठे कुठे गेली ते मोजा. नवरा गेला, आणि त्यानंतर वर्षाच्या आत त्या कामाला लागल्या, हे एका उत्तरात आले. तेही त्यांच्या तोंडच्या “ह्यांच्या” या शब्दासह, म्हणजे नातेसुद्धा सांगावे लागले नाही. शिलाईकाम आजही चालू आहे हे ब्लाउजवरून कळले. तुमच्या मूळ वाक्यात तर ते भूतकाळातले वाटत होते, आणि सही न करण्यामागचे एक कारण त्यामुळे वाया जात होते. मोठ्या कष्टाने वाढवले, हे कुठेच आलेले नाही आणि येऊ नये. तो वाचकाचा निष्कर्ष असावा. एकटेपणाही सांगितलेला नाही. मापे घेताना घरात चौथे कोणी नाही, हे वाचक बघतोच आहे. आणि ज्याच्यावर कथा उभी आहे ती गोष्ट, घर त्यांच्या नावावर असणे, पहिल्या पानावर आली. शिवाय पाहुण्याने ते त्यांना न विचारता मुलाला विचारले.

दोन टेप एकाच वाक्यात आणू नका, असे मी मुद्दाम सांगतो. लोखंडी टेप आणि कापडी टेप ही जोडी हाती लागली की ती पहिल्याच वाक्यात समोरासमोर उभी करावीशी वाटते, आणि मग वाक्य स्वतःच्या हुशारीकडे बोट दाखवू लागते. एक टेप पहिल्या वाक्यात आणि दुसरा तीन वाक्यांनंतर, जाता जाता, एवढे अंतर पुरेसे आहे. ज्याला ती जोडी दिसायची त्याला दिसेल.

पुणे आणि धाकटा मुलगा उरले. पुण्यासाठी दारात उभ्या असलेल्या गाडीची एमएच १२ ही पाटी पुरेल, मात्र तुमचे गाव पुणे जिल्ह्यातलेच नसेल तर. त्याच जिल्ह्यातल्या गावात या पाटीने काहीच कळणार नाही आणि मग प्रसादच्या बोलण्यात एखाद्या पेठेचे किंवा उपनगराचे नाव यावे लागेल. धाकटा मुलगा फोनवर येऊ शकतो. सहीची वेळ आली की प्रसाद त्याला फोन लावून आईच्या हाती देईल, तेव्हा तो आहे हे कळेल, आणि त्याच वेळी त्याचा उपयोगही होईल. माहिती जिथे कोणाच्या तरी कामाला येते तिथे ती द्यावी, एवढाच माझा हिशेब असतो.

१९९८ हे साल आणि अपघात यांच्याबद्दल तुम्हालाच ठरवावे लागेल. अपघाताची भरपाई मिळून तिच्यातून हे घर बांधले, असे काही तुमच्या कथेत असेल, तर अपघात फार मोलाचा आहे. पण मग तो सहीच्या प्रसंगापाशी यायला हवा, कारण तेव्हा घर म्हणजे नवऱ्याच्या जिवाचे पैसे ठरते. असे काही नसेल तर निधन कशाने झाले हे सांगायची गरज नाही. साल बहुधा गळेल. वाचक कथेत बेरजा-वजाबाक्या करत बसत नाही; गंजाच्या डागांनी त्याला जेवढा काळ सांगितला तेवढा त्याला पुरतो.

बदल झाल्यावर तो तपासायचा एक साधा उपाय मी वापरतो. कथा न वाचलेल्या एखाद्याला फक्त पहिले वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे, थांबावे, आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: काय दिसले, आणि काय विचारावेसे वाटते. तुमच्या मूळ वाक्यावर उत्तर येईल, “एक विधवा बाई, बिचारी”, आणि विचारण्यासारखे काही नसेल, कारण सगळे सांगून झालेले आहे. नव्या वाक्यावर “कोणीतरी घर मोजतंय” असे उत्तर आले आणि “का मोजतायत?” किंवा “मशीन कोणाचं?” असे विचारले गेले, तर वाक्य काम करते आहे. “हा पाहुणा कोण, इन्शुरन्सवाला का?” अशा भलत्या दिशेला ऐकणारा गेला, तर पुढच्या काही ओळींतच खुलासा यायला हवा. वरच्या संवादात उताऱ्याचा प्रश्न लवकर आणला तो याचसाठी. तपासणी कथा आवडीने वाचणाऱ्यावर करावी. लिहिणाऱ्या मित्रावर केली तर तो वाक्य दुरुस्त करू लागतो आणि काय दिसले ते सांगायचे विसरतो.

पहिल्या वाक्यात एखादी वस्तू आणली की कथेच्या बाकी भागावर तिचा परिणाम होतो, तोही बघून घ्या. सुमनताई सही करत नाहीत, तेव्हा मशीन ढकलत पुन्हा त्याच चार ठशांवर नेऊन ठेवतात, असा शेवट तुम्हाला सुचण्याची फार शक्यता आहे. तो मी टाळेन. वाचकाने तो पहिल्या पानावरच ओळखलेला असेल, आणि सही नाकारण्याच्या कृतीला एवढे वजन आहे की तिला दुसऱ्या खुणेची गरज नाही. मशीन कथेच्या अखेरीस खोलीच्या मध्यावर तसेच राहिले आणि त्याला वळसा घालून सगळ्यांना ये-जा करावी लागली, तर ते मला जास्त खरे वाटेल.

आणखी एक किरकोळ पण हमखास राहून जाणारे काम. तुमच्या सध्याच्या मसुद्यात पुढे कुठेतरी मशीनचा प्रवेश पहिल्यांदा होत असणार, “खोलीच्या कोपऱ्यात एक जुने शिलाई मशीन होते” अशा धाटणीचा. सुरुवात बदलल्यावर ते वाक्य तसेच राहिले तर वाचकाला एकाच वस्तूची ओळख दोनदा करून दिल्यासारखे होते. त्यासाठी कथा पहिल्यापासून वाचत जा आणि मशीन, घर, नवऱ्याचे जाणे, पुणे यांपैकी प्रत्येक गोष्ट आता पहिल्यांदा कुठे येते ते समासात टिपा. जिथे दुसऱ्यांदा येऊनही ती नव्यानेच सांगितल्यासारखी वाटते, तिथे ते वाक्य काढा. मूळ पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून समोर ठेवा आणि त्यातला एकेक तपशील कथेत कुठे बसला ते पाहून त्यावर काट मारत जा. सगळी कथा तपासून झाल्यावरही ज्यावर काट बसलेली नाही तो तपशील कथेला नको होता.